‘पेक्षा’ बाजूला ठेव, जोडीदार शोध

प्रश्न: मॅडम, मी पुढच्या महिन्यात टोफेल आयटीपी देतोय. स्ट्रक्चरच्या प्रश्नांत ‘द मोअर द मेरिअर’, ‘ॲज मच ॲज’, ‘ट्वाइस ॲज मेनी’ असली तुलना आली की माझा हमखास घोटाळा होतो. नियम पाठ आहेत, तरी चारपैकी दोन पर्याय बरोबरच वाटतात. नेमकं ओळखायचं कसं?

उत्तर:

आधी एक प्रश्न सोडवून बघ. इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहितेय, कारण वर्गातही मी ती मोठ्याने म्हणून घेते. या रचनांचा ताल कानाला लवकर कळतो, डोळ्याला उशिरा.

‘साउंड ट्रॅव्हल्स अबाउट फोर टाइम्स ____ इन वॉटर ॲज इन एअर.’ पर्याय असे: अ) फास्टर, ब) ॲज फास्ट, क) ॲज फास्टर, ड) मोअर फास्ट.

माझ्या वर्गात निम्मी मुलं ‘अ’ला खूण करतात. विचारलं तर सांगतात, ‘मॅडम, हवेपेक्षा पाण्यात आवाज चौपट वेगाने जातो, म्हणजे फास्टर.’ विज्ञान बरोबर आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि पाण्यात साधारण १,४८०. घोळ वाक्यात झालाय. रिकाम्या जागेच्या पुढे ‘इन वॉटर’ आहे आणि त्याच्या पुढे ‘ॲज’. ‘फास्टर’ला ‘दॅन’ लागतो आणि या वाक्यात ‘दॅन’ कुठेच नाही. ‘ॲज’ मात्र एकटा उभा आहे आणि त्याचा जोडीदार हरवलाय. तो रिकाम्या जागेतच असणार. उरले ‘ब’ आणि ‘क’. ‘क’मध्ये ‘ॲज’ आहे, पण त्याच्यापुढे ‘फास्टर’ बसवलाय, आणि ‘ॲज’च्या पोटात विशेषण किंवा क्रियाविशेषण नेहमी साधं राहतं. उत्तर ‘ब’.

यात अर्थाचा विचार जवळजवळ करावाच लागला नाही. रिकाम्या जागेच्या उजवीकडे जे छापलंय, त्यानेच उत्तर दिलं. तुझे दोन पर्याय बरोबर वाटतात याचं कारण बहुधा हेच असावं: तू वाक्य मराठीत उलगडतोस, अर्थ जुळला की खूण करतोस आणि रिकाम्या जागेपुढचं वाचायचं राहून जातं. अर्थाने दोन-दोन पर्याय बरोबर असतातच, पेपर काढणारे ते तसेच घडवतात.

मराठीत तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ उचलतो. विशेषण जागचं हलत नाही. ‘उंच’, ‘त्याच्यापेक्षा उंच’, ‘त्याच्यापेक्षा दुप्पट उंच’ या तिन्हींत ‘उंच’ तसाच. इंग्रजीत दोन वेगळी घराणी आहेत. एक बरोबरीचं: ‘ॲज … ॲज’. दुसरं फरकाचं: ‘-अर’ किंवा ‘मोअर’, आणि त्यांच्यासोबत ‘दॅन’. ही दोन घराणी एकमेकांत सोयरीक करत नाहीत. ‘ॲज … दॅन’ नाही, ‘मोअर … ॲज’ नाही. चुका शोधायच्या प्रश्नांत, म्हणजे जिथे चार शब्दांखाली रेघा असतात तिथे, तुलनेच्या बऱ्याचशा चुका याच दोन बेकायदा लग्नांच्या असतात.

आता खरी मेख. ‘दुप्पट’, ‘तिप्पट’, ‘चौपट’ ऐकलं की आपल्याला वाटतं, हे ‘जास्त’ आहे, म्हणजे फरकाचं घराणं, म्हणजे ‘दॅन’. इंग्रजी मात्र पटीला बरोबरीच्या घराण्यात बसवते. का, हे एकदा पटलं की पाठांतराची गरज उरत नाही. धान्य मापाने मोजतात ते आठव. आधी माप ठरतं: समोरच्याकडे जितकं आहे तितकं. मग ते माप किती वेळा ओतायचं ते सांगायचं. ‘ॲज मेनी … ॲज’ हे माप झालं. ‘ट्वाइस’ म्हणजे दोन वेळा ओत, ‘थ्री टाइम्स’ म्हणजे तीन वेळा, आणि ‘हाफ’ म्हणजे निम्मंच ओत. ‘हाफ ॲज मेनी’मध्ये तर वस्तू कमी आहेत, तरी रचना तीच. पट म्हणजे ‘जास्त’ असं डोक्यात धरलं असतंस तर निम्म्याचं काय करशील? मापाची कल्पना धरली की निम्मं आणि दुप्पट एकाच साच्यात बसतात.

म्हणून क्रम असा लागतो: आधी पट, मग ‘ॲज’, मग ‘मेनी’ किंवा ‘मच’ किंवा साधं विशेषण, नाम असेल तर ते तिथेच, आणि शेवटी दुसरा ‘ॲज’. ‘ॲन ऑक्टोपस हॅज थ्री टाइम्स ॲज मेनी हार्ट्स ॲज अ ह्यूमन बीइंग.’ ऑक्टोपसला खरोखर तीन हृदयं असतात, त्यामुळे हे वाक्य मुलांच्या लक्षात राहतं. यात ‘हार्ट्स’ कुठे बसलंय ते बघ: ‘मेनी’ला चिकटून, दोन ‘ॲज’च्या मध्ये. स्ट्रक्चरच्या पर्यायांत हेच नाम इकडे-तिकडे फिरवलेलं असतं: ‘ॲज मेनी ॲज हार्ट्स’, ‘हार्ट्स ॲज मेनी’, ‘मेनी हार्ट्स ॲज’. चारही पर्यायांत शब्द तेच, फक्त क्रम वेगळा. असा प्रश्न आला की पहिलं काम, पट शोध. पट रिकाम्या जागेच्या आधीच छापलेली असेल तर पर्यायाची सुरुवात ‘ॲज’नेच व्हायला हवी. एवढ्यावर बहुतेक वेळा दोन पर्याय गळतात.

‘अ स्पायडर हॅज ट्वाइस मोअर लेग्ज दॅन अ डॉग’ हे वाक्य ऐकायला वाईट नाही, आणि आपल्याकडे बोलण्यात सर्रास ऐकू येतं. परीक्षेत ते चूक. कोळ्याला आठ पाय, कुत्र्याला चार, हिशेब बरोबर आहे, पण ‘ट्वाइस’च्या पुढे ‘मोअर’ बसत नाही. ‘ट्वाइस ॲज मेनी लेग्ज ॲज’ हवं. ‘डबल दॅन’ तर कुठेच चालत नाही. ती ‘च्यापेक्षा दुप्पट’ची थेट नक्कल आहे. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर ‘डबल मार्क्स दॅन’ असं लिहिलं होतं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून ते सुधारलं होतं. ती चूक त्यानंतर मी कधी केली नाही.

‘ट्वाइस’चं झालं. ‘थ्री टाइम्स’, ‘फोर टाइम्स’ यांचं प्रकरण थोडं नाजूक आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘थ्री टाइम्स लार्जर दॅन’ सर्रास छापून येतं. काटेकोर लोक त्यावर नाक मुरडतात, कारण त्याचा अर्थ तिप्पट की चौपट, हा वाद आहे. हा वाद तू परीक्षेत सोडवू नकोस. उजवीकडे ‘ॲज’ छापलेला असेल तर ‘ॲज लार्ज’, आणि ‘दॅन’ छापलेला असेल तर ‘लार्जर’. छापलेला शब्द तू बदलू शकत नाहीस, त्याला शोभेल असा जोडीदार मात्र देऊ शकतोस. एका क्लासच्या छापील सरावसंचात मी पाहिलं होतं: वाक्यात ‘दॅन’ होता आणि उत्तरात ‘ॲज लार्ज’ दिलं होतं, बहुधा ‘पटीला नेहमी ॲज’ हे सूत्र डोळे झाकून लावलं होतं. मुलांनी तेच पाठ केलं. सूत्र आणि छापील शब्द भांडले तर छापील शब्दाचं ऐकायचं.

पटीचा आणखी एक सुटसुटीत साचा आहे आणि तो आपल्या ‘च्या दुप्पट’च्या अगदी जवळचा आहे. ‘एशिया इज मोअर दॅन फोर टाइम्स द साइझ ऑफ युरोप.’ इथे ‘ॲज’ एकही नाही. पट, मग ‘द’, मग ‘साइझ’, ‘नंबर’, ‘लेंग्थ’, ‘वेट’ यांच्यासारखं मापाचं नाम, आणि मग ‘ऑफ’. जोडीदार ‘ऑफ’ आहे. उजवीकडे एकटा ‘ऑफ’ दिसला की पर्यायांत ‘ट्वाइस द साइझ’ किंवा ‘डबल द नंबर’ असं काही आहे का ते आधी बघ. अशा वाक्यात ‘ट्वाइस ॲज लार्ज’ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. त्याच्यामागे ‘ऑफ’ बसत नाही म्हणून तो बाद. (त्या वाक्यातल्या ‘मोअर दॅन फोर’ने गडबडू नकोस. तिथे ‘मोअर दॅन’ फक्त चारच्या आकड्याला लागलाय, चारपटीहून थोडं जास्त एवढंच सांगायला.)

‘मच’ आणि ‘मेनी’बद्दल तुला ठाऊक असेलच: मोजता येणाऱ्या अनेकवचनी नामाला ‘मेनी’, पाणी-पैसा-वेळ यांना ‘मच’. इथपर्यंत कोणी चुकत नाही. चुकतात ते एककांपाशी. ‘अ थर्स्टी कॅमल कॅन ड्रिंक ॲज ____ ॲज वन हंड्रेड लिटर्स ॲट वन टाइम.’ ‘लिटर्स’ अनेकवचनी आहे, शंभर आहेत, म्हणून हात आपोआप ‘मेनी’कडे जातो. पण उंट शंभर वेगवेगळ्या वस्तू पीत नाही, पाणीच पितो, आणि लिटर हे त्याचं माप आहे. म्हणून ‘मच’. वजन, अंतर, रक्कम, टक्के यांचंही असंच: ‘ॲज मच ॲज फिफ्टी किलोग्रॅम्स’, ‘ॲज मच ॲज टू हंड्रेड डॉलर्स’. याउलट ‘अ क्वीन हनीबी कॅन ले ॲज मेनी ॲज टू थाउजंड एग्ज अ डे’, कारण अंडी एकेक मोजायची वस्तू आहे. स्वतःला विचार, ही वस्तू आहे की माप? माप असेल तर त्याच्यामागे लपलेलं नाम शोध आणि त्याला विचारून ठरव.

या दोन वाक्यांत आणखी काहीतरी वेगळं आहे, ते तुझ्या लक्षात आलं का? यात कोणाशी तुलना नाहीच. उंटाची कोणाशी बरोबरी चाललेली नाही. ‘ॲज मच ॲज’च्या मागे थेट आकडा आला की त्याचा अर्थ आपला ‘तब्बल’ किंवा ‘पर्यंत’ होतो. राणीमाशी दिवसाला तब्बल दोन हजार अंडी घालते. मुलं इथे दुसरी वस्तू शोधत बसतात, ती सापडत नाही, आणि वाक्यच अपुरं आहे असं समजून ‘ॲज’ असलेला पर्याय सोडून देतात. आकडा दिसला की ‘तब्बल’ घालून बघ. जमलं तर दोन्ही ‘ॲज’ आकड्याच्या आधी लागतात आणि नाम आकड्याच्या नंतर. मघाच्या ऑक्टोपसच्या वाक्यात नाम दोन ‘ॲज’च्या मध्ये होतं, इथे बाहेर आलंय. दोन रचना दिसायला सख्ख्या बहिणी, पण नामाची जागा वेगळी.

आता ‘द मोअर द मेरिअर’. हा साचा मला सगळ्यात आवडतो, कारण इथे मराठी माणसाला उलट फायदा आहे, आणि तो कोणी घेत नाही. आपल्याकडे ‘जितकं – तितकं’ आहे. इंग्रजीतला पहिला ‘द’ म्हणजे ‘जितकं’ आणि दुसरा ‘द’ म्हणजे ‘तितकं’. ही नुसती सोयीची तुलना नाही. हा ‘द’ नेहमीचा ‘द’ नव्हेच. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामाचं एक तृतीयेचं रूप होतं, ‘तितक्याने’ अशा अर्थाचं, आणि झिजत झिजत त्याचं ‘द’ झालं. म्हणून तर तो नामावर न बसता ‘मोअर’वर, ‘हायर’वर बसतो.

फायदा आहे, पण एक खड्डाही आहे. मराठी ‘जितकं – तितकं’ दोन कामं करते. ‘जितक्या व्यक्ती तितक्या प्रकृती’ यात दोन संख्या सारख्या आहेत, कोणी वाढत नाही, कोणी घटत नाही. ‘जितकं वर जावं तितकी थंडी वाढते’ यात मात्र दोन गोष्टी बरोबरीने बदलतायत. आपण दोन्हीला एकच जोडी वापरतो. इंग्रजी यांना वेगळं काढते: पहिल्याला ‘ॲज मेनी … ॲज’, दुसऱ्याला ‘द … द’. तुझ्या दोन ‘बरोबर’ पर्यायांतला एक बऱ्याचदा इथूनच येत असणार.

यावर माझी एक घरगुती चाचणी आहे. ‘जितकं – तितकं’च्या जागी ‘जसजसं – तसतसं’ घालून बघ. ‘जसजसं वर जावं, तसतशी थंडी वाढते’: छान जमतं, म्हणजे ‘द … द’. ‘जसजशा व्यक्ती तसतशा प्रकृती’: काहीच अर्थ लागत नाही, म्हणजे ‘ॲज … ॲज’. ‘त्याच्याकडे जितके पैसे आहेत तितके माझ्याकडे नाहीत’ इथेही ‘जसजसे’ बसत नाही, म्हणून ‘ॲज मच मनी ॲज’. वर्षानुवर्षं वर्गात वापरतेय, अजून तरी या चाचणीने दगा दिलेला नाही.

साचा ओळखला तरी आतली मांडणी बघायला लागते. ‘द हायर द आल्टिट्यूड, द लोअर द बॉइलिंग पॉइंट ऑफ वॉटर.’ जितकी उंची जास्त, तितका पाण्याचा उत्कलनबिंदू कमी. यात चार ‘द’ आहेत आणि मुलं त्यांनीच गांगरतात. पहिला आणि तिसरा हे ‘जितका-तितका’वाले. दुसरा आणि चौथा साधे, ‘आल्टिट्यूड’ आणि ‘बॉइलिंग पॉइंट’ या नामांचे. क्रियापद एकही नाही, आणि तरी वाक्य पूर्ण आहे, कारण ‘इज’ दोन्हीकडे गाळलेला आहे. स्ट्रक्चरच्या प्रश्नात स्वल्पविरामानंतर रिकामी जागा ठेवून पर्याय देतील: ‘लोअर द बॉइलिंग पॉइंट’, ‘द लोअर द बॉइलिंग पॉइंट’, ‘इट इज लोअर द बॉइलिंग पॉइंट’, ‘ॲन्ड द बॉइलिंग पॉइंट लोअर’. क्रियापद हवंच असं शाळेत शिकवलेलं असतं, म्हणून तिसऱ्यावर नजर ठरते. पण पहिल्या अर्ध्यात ‘द हायर’ दिसल्याबरोबर दुसऱ्या अर्ध्याची सुरुवात ठरून गेली: ‘द’ आणि लगेच ‘-अर’ किंवा ‘मोअर’ किंवा ‘लेस’. मध्ये ‘ॲन्ड’ नको, ‘देन’ नको, ‘सो’ नको. मराठीतही आपण ‘जितकं वर जावं आणि तितकी थंडी’ असं म्हणत नाही.

क्रियापद असलेल्या वाक्यात दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, नामाचं. ‘जितकी जास्त पुस्तकं वाचशील’ आणि ‘पुस्तकं जितकी जास्त वाचशील’, मराठीत दोन्ही चालतात, शब्द मोकळे फिरतात. इंग्रजीत ‘मोअर’ नामाचा हात सोडत नाही. ‘द मोअर बुक्स यू रीड’ म्हणायचं. ‘द मोअर यू रीड बुक्स’ असं वाक्य इंग्रज माणूस कधीमधी म्हणेलही, पण तिथे ‘मोअर’ वाचण्याला लागतो, पुस्तकांच्या संख्येला नाही. पर्यायांत दोन्ही दिसले तर नामाला चिकटलेलं घे. दुसरं, कर्त्याचं. ‘द मोअर’ने वाक्य सुरू झालं की काही जणांना प्रश्नार्थक वाक्यासारखं ‘डू यू रीड’ करावंसं वाटतं. तसं करायचं नाही. आधी कर्ता, मग क्रियापद. दुसऱ्या अर्ध्यात मात्र जुन्या, पुस्तकी इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या आधी आलेलं दिसेल, ‘द ग्रेटर इज इट्स पुल’ असं. ती चूक नाही. रेघांच्या प्रश्नात त्यावर खूण केलीस तर गुण जाईल.

रेघांचा एक प्रश्न पूर्ण करू. ‘द मोअर रॅपिडली अ लिक्विड इज हीटेड, द फास्ट इट इव्हॅपोरेट्स.’ रेघा या चार जागी: ‘मोअर रॅपिडली’, ‘इज हीटेड’, ‘फास्ट’, ‘इव्हॅपोरेट्स’. वाक्याच्या सुरुवातीला ‘द’ आणि त्याच्यामागे ‘मोअर’, म्हणजे जितकं-तितकं सुरू झालं. आता स्वल्पविरामाच्या लगेच पुढे ‘द’ आणि तुलनेचं रूप हवं. ‘द’ आहे, पण ‘फास्ट’ साधाच. ‘फास्टर’ हवा होता. उत्तर सापडलं, बाकीच्या तीन रेघा वाचायची गरज नाही. मुलं चुकतात कारण ती ‘मोअर रॅपिडली’पाशी अडकतात: एवढं लांबलचक कशाला, ‘रॅपिडलिअर’ का नाही? ‘-ली’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणांना साधारणपणे ‘मोअर’च लागतो, तिथे काहीच चुकलेलं नाही. याउलट ‘मोअर हेविअर’ किंवा ‘मोअर बेटर’ दिसलं की चूक नक्की, कारण एकाच विशेषणावर दोन टोप्या चढवल्यात.

एक मात्र सांभाळ. ‘द’ आणि ‘-अर’ शेजारी दिसले की दरवेळी जितकं-तितकंच असेल असं नाही. ‘द टॉलर ऑफ द टू’ म्हणजे दोघांतला उंच. तिथे जोडीदार ‘ऑफ द टू’ आहे, दुसरं अर्धं शोधू नकोस.

आणखी दोन गोष्टी याच प्रश्नांत डोकावतात, त्या थोडक्यात. पहिली, कशाची तुलना कशाशी. ‘पुण्याची लोकसंख्या नागपूरपेक्षा जास्त आहे’ हे मराठीत कोणालाही खटकत नाही. इंग्रजीत लोकसंख्या आणि शहर यांची तुलना झाली असं धरतात, म्हणून ‘लार्जर दॅन दॅट ऑफ नागपूर’ हवं. बहुवचन असेल तर ‘दोज ऑफ’. पर्यायांत ‘दॅट ऑफ’ किंवा ‘दोज ऑफ’ दिसलं की आधी डावीकडचं नाम बघ, एकवचनी की अनेकवचनी, आणि मग ठरव. दुसरी गोष्ट, ‘ॲज डू’, ‘दॅन डू’. ‘कॅट्स स्लीप मोअर दॅन डू हॉर्सेस’ हे चुकीचं वाटतं, पण शुद्ध आहे. तुलनेच्या मागे नाम असेल तर लिखित इंग्रजीत साहाय्यक क्रियापद त्याच्या आधी येऊ शकतं. सर्वनाम असेल तर येत नाही, तिथे ‘दॅन दे डू’च.

वेळेचं गणितही बघून घे. या विभागात ४० प्रश्न आणि २५ मिनिटं असतात, त्यातले पहिले १५ रिकाम्या जागांचे आणि उरलेले २५ रेघांचे. एका प्रश्नाला चाळीस सेकंदही मिळत नाहीत. एवढ्यात मराठी भाषांतर करून, अर्थ जुळवून, नियम आठवून जमणार नाही. तुलनेचा वास आला की आधी छापील शब्दांत एकटा पडलेला ‘ॲज’, ‘दॅन’, ‘ऑफ’ किंवा ‘द हायर’सारखा तुकडा शोध, त्याचा जोडीदार असलेला पर्याय घे, आणि मगच वाक्य एकदा सलग वाच. सरावासाठी आठवडाभर पर्याय हाताने झाकून ठेव. वाक्य वाचून जोडीदार स्वतः सांग आणि मग हात काढ. सुरुवातीला वेळ जास्त लागेल, पण पर्याय आधी वाचले की तेच कानात घुमत राहतात.

ही युक्ती एका ठिकाणी मात्र चालत नाही, ते आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तिथे अडशील. ‘अ स्टारफिश युज्वली हॅज फाइव्ह आर्म्स, ॲन ऑक्टोपस हॅज एट. सम स्टारफिश, हाउएव्हर, हॅव फोर टाइम्स ॲज मेनी.’ शेवटी ‘ॲज मेनी’ आहे आणि पूर्णविराम. दुसरा ‘ॲज’ कुठेही नाही, आणि तरी वाक्य चूक नाही. कशाच्या चौपट ते ऐकणाऱ्याला आधीच कळलेलं असलं, की इंग्रजी दुसरं अर्धं गाळून टाकते. अशा वेळी डावीकडे जा आणि आधीच्या वाक्यात माप सापडतंय का बघ. इथे थोडं खट्याळपणाने मी दोन मापं ठेवलीत, पाच आणि आठ. व्याकरण त्यातलं एक निवडून देत नाही. चौपट म्हणजे वीस की बत्तीस, हे संदर्भावरूनच ठरवायला लागेल, आणि इथे संदर्भ पुरा नाही. परीक्षेत अशी मोकळी वाक्यं सहसा येत नाहीत; तिथे माप एकच असतं. आणि तसं ते सापडलं, की रिकाम्या जागेत ‘ॲज मेनी’ घालून दुसऱ्या ‘ॲज’ची वाट न बघता पुढच्या प्रश्नाकडे वळायचं.